बंद तिकिटांमधून रिलीज नोट्स: ग्राहकाला काय दाखवायचं आणि काय नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉवेल-चादरीचे कारखानदार आणि सुताचे व्यापारी वापरतात त्या बिलिंग आणि स्टॉकच्या सॉफ्टवेअरवर काम करताना हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. नवीन डेव्हलपर विचारतात, सपोर्टची मंडळी विचारतात, कधीकधी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा शेठही फोन करून विचारतो. उत्तरांत ५.८ या एकाच व्हर्जनचं उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. तिकिटांचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण तिकिटांचे प्रकार रोजच्या कामातलेच आहेत.

बंद झालेल्या तिकिटांची यादी काढून तशीच पाठवली तर काय बिघडतं?

तिकिटाचं शीर्षक डेव्हलपरने डेव्हलपरसाठी लिहिलेलं असतं. ‘TWL-388: NPE in challan save when godown null’ हे वाचून दिवाणजींना काहीच कळत नाही. पण भाषा ही यातली सोपी अडचण आहे, ती तासाभरात सुधारता येते. खरी अडचण अशी की त्या यादीतल्या काही गोष्टी व्हर्जनमध्ये गेलेल्याच नसतात, काही ग्राहकापर्यंत कधी पोचलेल्याच नसतात आणि सांगायलाच हव्यात अशा एक-दोन गोष्टी भलत्याच नावाखाली दडलेल्या असतात.

तिकीट बंद आहे, म्हणजे ते काम व्हर्जनमध्ये गेलं असं धरायचं ना?

नाही. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. ‘बंद’ ही कोणीतरी बटण दाबून ठरवलेली अवस्था आहे. ‘गेलं’ हे कोडवरून ठरतं. म्हणून दोन याद्या वेगवेगळ्या काढायच्या आणि एकमेकींसमोर धरायच्या.

पहिली यादी जिरामधून:

```
project = TWL AND fixVersion = "5.8"
AND statusCategory = Done
AND resolution not in ("Won't Do", Duplicate, "Cannot Reproduce")
```

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. ‘करणार नाही’ म्हणून बंद केलेलं तिकीटही बंदच दिसतं आणि ते नोट्समध्ये गेलं तर न केलेल्या कामाची जाहिरात होते. याच ओळीत एक खोचही आहे. `not in` लावलं की ज्या तिकिटाचं `resolution` रिकामं आहे तेही यादीतून गळतं. तुमच्या बोर्डवर कार्ड शेवटच्या रकान्यात ओढल्यावर `resolution` आपोआप भरलं जात नसेल, तर पूर्ण झालेली कामं गुपचूप गायब होतील. यादी अपेक्षेपेक्षा लहान वाटली तर आधी हे तपासा.

दुसरी यादी कोडमधून, मागच्या आणि या व्हर्जनच्या टॅगमधल्या कमिटवरून:

```
git log --format='%s%n%b' v5.7..v5.8 |
  grep -oE 'TWL-[0-9]+' | sort -u > code.txt
```

जिरातले तिकीट नंबर `tickets.txt` मध्ये घ्या, तीही फाइल `sort -u` ने लावा आणि मग दोन्ही समोरासमोर ठेवा:

```
comm -23 tickets.txt code.txt
comm -13 tickets.txt code.txt
```

पहिली आज्ञा ‘बंद आहे पण कोडमध्ये नाही’ अशी तिकिटं देते. दुसरी ‘कोडमध्ये आहे पण बंद नाही’ अशी. कमिटच्या संदेशात तिकीट नंबर लिहायची सवय टीमला नसेल तर यातलं काहीच चालत नाही, त्यामुळे ती सवय आधी लावावी लागते.

दोन्ही याद्या जुळल्या नाहीत तर?

पहिल्यांदा करून पाहाल तेव्हा जुळणारच नाहीत. आपल्या उदाहरणात जिराच्या यादीत ३४ तिकिटं आहेत. त्यातली दोन कोडमध्ये नाहीत. एकाचं काम झालं, पण ते दुसऱ्या ब्रँचवरच राहिलं. दुसऱ्यात कोड नव्हताच, सर्व्हरवरची एक सेटिंग बदलली होती. पहिलं पुढच्या व्हर्जनला ढकलायचं. दुसरं ५.८ चं नाहीच, कारण सेटिंग बदलली त्याच दिवशी ते सगळ्यांना लागू झालं. तिसरं तिकीट मात्र कोडच्या यादीत दिसतं आणि तरीही व्हर्जनमध्ये नाही. हे जरा नीट बघा.

काम झालं, कमिट झालं, टेस्टिंगमध्ये गडबड निघाली, म्हणून ते मागे घेतलं. मागे घेण्याच्या कमिटचा संदेश गिट स्वतः तयार करतं, `Revert "TWL-412 ..."` असा. त्यातही तिकीट नंबर आहेच. म्हणजे वरची आज्ञा TWL-412 ला ‘गेलं’ म्हणून मोजते, खरं तर ते काढून टाकलेलं आहे. म्हणून एवढं वेगळं बघायचं:

```
git log --oneline --grep='^Revert' v5.7..v5.8
```

इथे नाव आलं की ते तिकीट हाताने उघडून बघायचं. मागे घेतल्यानंतर पुन्हा दुरुस्त होऊन आत गेलंय का? नसेल तर यादीतून काढायचं आणि तिकीट पुन्हा उघडायचं.

उलट बाजूने, कोडमध्ये असलेलं पण बंद न झालेलं एक तिकीट सापडलं. डेव्हलपर ते बंद करायला विसरला होता. तर ३४ मधून तीन गेली, एक आलं. हाती उरली ३२.

काम कोडमध्ये आहे, पण स्विच बंद ठेवलेला आहे. ते लिहायचं का?

ज्या ग्राहकांसाठी स्विच चालू आहे त्यांना सांगा. बाकीच्यांना चालू कराल तेव्हा. ‘लवकरच येत आहे’ असं नोट्समध्ये लिहू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू होतात.

आता ३२ उरली. त्यातली ग्राहकाला दाखवायची कोणती, हे कसं ठरवायचं?

तिकिटाचा प्रकार बघून ठरवू नका. ‘फीचर दाखवायचं, बग दाखवायचा, अंतर्गत काम लपवायचं’ हा नियम सोपा वाटतो आणि नेमक्या महत्त्वाच्या जागी फसतो. त्याऐवजी प्रत्येक तिकिटासमोर बसून विचारा: अपडेट झाल्यावर कारखान्याच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला काही वेगळं दिसेल का, वेगळं करावं लागेल का, किंवा एखादा आकडा वेगळा येईल का? तिन्हीला उत्तर ‘नाही’ असेल तर ते तिकीट आपल्याच वहीत राहू दे.

या चाळणीतून आपली ३२ तिकिटं अशी गेली.

पाच बग असे होते की ते ५.८ च्या कामातच निर्माण झाले आणि ५.८ बाहेर पडण्याआधीच दुरुस्त झाले. ग्राहकाने ते कधी पाहिलेच नाहीत. तरी ‘चलन सेव्ह करताना येणारी त्रुटी दूर केली’ असं लिहून पाठवलं तर वाचणारा म्हणणार, अरे, मग आमची जुनी चलनं बरोबर आहेत ना? नसलेली भीती आपणच तयार केली. असे बग ओळखायला `Affects version` रकाना बघायचा. बग कोणत्या व्हर्जनमध्ये सापडला ते तिथे असतं. तिथे आधीचं एकही बाहेर पडलेलं व्हर्जन नसेल तर नोंद वगळायची. अर्थात तो रकाना भरायची शिस्त असेल तर.

चार तिकिटं चाटी गल्लीतल्या एकाच व्यापाऱ्याच्या छपाईच्या नमुन्यासाठी होती. ती त्यालाच कळवायची, बाकीच्यांच्या नोट्समध्ये जागा नाही.

पंधरा तिकिटांवर ‘अंतर्गत’ असं लेबल होतं: टेस्ट वाढवल्या, लॉग कमी केले, लायब्ररी अपडेट केल्या. यातली चौदा खरंच अंतर्गत निघाली. पंधराव्या तिकिटाचं शीर्षक होतं ‘पीडीएफ लायब्ररी नवीन व्हर्जनवर नेली’. ऐकायला अगदी निरुपद्रवी. पण नव्या लायब्ररीत वरचा मार्जिन थोडा वेगळा पडतो. कोऱ्या कागदावर छापणाऱ्याला फरक कळणारही नाही. छापील लेटरहेडवर बिल काढणाऱ्याचा मात्र पहिला मजकूर थेट कंपनीच्या नावावर चढतो. आपल्याकडे अजून कितीतरी कारखाने छापील लेटरहेडचे गठ्ठे वापरतात. म्हणजे ‘अंतर्गत’ म्हणून फेकून दिलेलं हे तिकीट त्यांच्यासाठी या व्हर्जनमधली सगळ्यात महत्त्वाची नोंद होती. लेबल लावणाऱ्याने काम पाहिलं होतं, प्रिंटरमधून निघालेला कागद पाहिला नव्हता. म्हणून लायब्ररी, छपाई, फाइल एक्सपोर्ट किंवा तारखेचा फॉरमॅट यांना हात लावणारं प्रत्येक ‘अंतर्गत’ तिकीट एकदा उघडून बघायचंच, असा नियम ठेवला आहे.

आता नऊ उरली. त्यातली तीन चलनाच्या एकाच स्क्रीनबद्दल होती. डेव्हलपरने काम तीन तुकड्यांत केलं, ग्राहकासाठी बदल एकच आहे. तिन्हींची मिळून एक नोंद. शेवटी नोट्समध्ये आल्या सात नोंदी. ३४ वरून ७ हे ऐकून डेव्हलपरना कधीकधी वाईट वाटतं. त्यांच्या कामाची पूर्ण यादी आतल्या वहीत असतेच, तिथून एकही तिकीट काढायचं नाही.

ग्राहकाच्या लक्षातच न आलेला बग दुरुस्त केला. तो गप्प राहून टाळता येणार नाही का?

हा प्रश्न नेहमी जरा हळू आवाजात विचारला जातो. त्या बगमुळे आकडे बदलत असतील तर नाही, टाळता येणार नाही.

५.८ मधलं असं एक तिकीट बघू. बिलावर तीन ओळी आहेत, तीन प्रकारचे टॉवेल. करपात्र रक्कम ४१०.२० रुपये, ७३३.४० रुपये आणि १,२९०.६० रुपये. जीएसटी ५ टक्के, म्हणजे सीजीएसटी अडीच टक्के आणि एसजीएसटी अडीच टक्के. एकट्या सीजीएसटीचं पाहू. ओळीओळीने काढला तर १०.२५५, १८.३३५ आणि ३२.२६५ येतो. प्रत्येक ओळ पैशापर्यंत पूर्ण केली की १०.२६, १८.३४ आणि ३२.२७ होतात. बेरीज ६०.८७. आता आधी तिन्ही रकमांची बेरीज केली, २,४३४.२०, आणि त्यावर अडीच टक्के काढले, तर ६०.८५५, म्हणजे ६०.८६. एका पैशाचा फरक. एसजीएसटीतही तेवढाच.

आधीच्या व्हर्जनमध्ये छापील बिल पहिल्या रीतीने चालत होतं आणि महिन्याचा कर-सारांश दुसऱ्या रीतीने. एका बिलाला दोन पैसे कोण बघणार? पण महिनाभराच्या शेकडो बिलांत ते काही रुपयांवर जातं आणि सीएच्या ऑफिसात कोणीतरी संध्याकाळ घालवून तो फरक शोधत बसतं. ५.८ मध्ये सारांशही ओळीओळीने मोजू लागला. तिकिटाचं शीर्षक होतं ‘TaxSummary राउंडिंग दुरुस्ती’.

हे न सांगता पाठवलं तर काय होईल? ग्राहक मागच्या महिन्याचा सारांश पुन्हा उघडेल आणि रिटर्नमध्ये भरलेल्या आकड्यापेक्षा वेगळा आकडा दिसेल. त्याला वाटेल कोणीतरी जुन्या बिलांत हात घातला. दुरुस्ती बरोबर असूनही भरवसा उडतो. म्हणून ही नोंद लिहिली तर जातेच, आणि पहिली जाते. तीत चार गोष्टी लागतात: काय बदललं, कधीपासून, जुन्या आकड्यांचं काय होतं आणि ग्राहकाने काय करायचं. आम्ही ती अशी लिहिली:

‘कर-सारांशातले पैशांचे आकडे आता छापील बिलांशी जुळतील. आधी सारांशात एकूण रकमेवर कर काढला जात होता, आता तो बिलाप्रमाणेच प्रत्येक ओळीवर काढला जातो. जुन्या महिन्यांचा सारांश पुन्हा उघडल्यास काही पैशांचा किंवा रुपयांचा फरक दिसू शकतो. तुमची बिलं बदललेली नाहीत. भरून झालेल्या महिन्यांबद्दल शंका असल्यास हा मजकूर तुमच्या सीएंना दाखवा.’

‘काही त्रुटी दूर केल्या आणि कामगिरी सुधारली’ या वाक्याखाली असली गोष्ट गाडणं मला सरळ लबाडी वाटते.

सुरक्षेची दुरुस्ती कशी लिहायची?

कमी शब्दांत, पण लपवून नाही. समजा ग्राहक-पोर्टलच्या लिंकमधला बिल नंबर बदलला की दुसऱ्या व्यापाऱ्याचं बिल उघडत होतं. नोट्समध्ये नेमकी युक्ती लिहिली, तर ज्यांनी अजून अपडेट केलं नाही त्यांच्यावर ती वापरण्याचा रस्ता आपणच दाखवला. म्हणून एवढंच: ‘ग्राहक-पोर्टलमधली सुरक्षेची एक त्रुटी दूर केली आहे. पोर्टल वापरत असाल तर हे अपडेट लगेच घ्या.’ तपशील सगळ्यांचं अपडेट झाल्यावर. आणि लॉगमध्ये खरोखर कोणाचं बिल दुसऱ्याने उघडल्याचं दिसलं, तर त्या ग्राहकाला वेगळा फोन करायचा. आपला दर शेजारच्या दुकानदाराने पाहिला, हे नोट्समधून कळायची गोष्ट नाही.

तिकिटात ग्राहकाचं नाव असतं. ते आपोआप नोट्समध्ये येईल का?

शीर्षक तसंच उचललं तर येईल. ‘अमुक शेठच्या सुताचा स्टॉक उणे दिसतो’ असं शीर्षक सपोर्टने फोनवर बोलता बोलता टाकलेलं असतं. सोलापूरच्या बाजारात सगळे एकमेकांना ओळखतात. कोणाचा स्टॉक उणे दिसला ही बातमी चहाच्या टपरीपर्यंत जायला वेळ लागत नाही. म्हणून नोट्स शीर्षकावरून कधीच बनवू नका. तिकिटात ‘ग्राहकासाठी मजकूर’ असा वेगळा रकाना ठेवा आणि नोट्स फक्त त्यातूनच भरा. नाव शीर्षकात राहिलं तरी बाहेर जात नाही.

तो रकाना भरायचा कोणी आणि कधी?

तिकीट बंद करताना, डेव्हलपरने. व्हर्जनच्या आदल्या रात्री ३४ तिकिटांचा मजकूर एकदम लिहायला बसलात, तर तीन आठवड्यांपूर्वी काय केलं होतं ते कोणालाच आठवत नाही. डेव्हलपरने दोन साधी वाक्यं लिहायची किंवा ‘ग्राहकाला फरक नाही’ असं लिहायचं. रिकामा ठेवायचा नाही. रिकाम्यावरून ‘विचार केला आणि नाही म्हटलं’ की ‘विसरलो’ हे कळत नाही.

नंतर सपोर्टमधलं एक माणूस सगळं वाचतं आणि बदलतं. हे काम सपोर्टचंच, कारण कोणत्या वाक्यावर कोणता फोन येणार ते त्यांना माहीत असतं. डेव्हलपर लिहितो, ‘गोडाऊन निवडलं नसेल तर चलन सेव्ह होत नव्हतं, ते दुरुस्त.’ सपोर्ट त्याचं करतं, ‘चलन करताना गोडाऊन निवडायचं राहिलं तर आता प्रोग्राम बंद पडणार नाही, गोडाऊन निवडायला सांगेल.’ पहिलं वाचून माणसाला वाटलं असतं की आता गोडाऊनशिवायही चलन होतं.

हे सगळं आपोआप होत नाही का?

यादी आपोआप निघते, निवड निघत नाही. गिटहबवर व्हर्जन करताना नोट्सचा कच्चा मसुदा आपोआप तयार होतो. तो पुल रिक्वेस्टवरून बनतो, तिकिटांवरून नाही, हे लक्षात ठेवा. त्याला `.github/release.yml` मध्ये असं सांगता येतं:

```yaml
changelog:
  exclude:
    labels:
      - internal
  categories:
    - title: ग्राहकासाठी
      labels:
        - customer
    - title: ठरवायचं बाकी
      labels:
        - "*"
```

शेवटचा विभाग मुद्दाम ठेवला आहे. ज्यावर या दोन्हींपैकी कोणतंच लेबल नाही ते सगळं तिथे जमतं आणि तो विभाग रिकामा होईपर्यंत नोट्स बाहेर जात नाहीत. आणि पीडीएफ लायब्ररीची गोष्ट आठवा. `internal` लेबल लावलेलं काम या मसुद्यात दिसणारच नाही, म्हणून ती यादी वेगळी वाचावीच लागते.

नोट्स मराठीत की इंग्रजीत?

आमच्याकडे मराठीत. मेनूची आणि बटणांची नावं स्क्रीनवर जशी दिसतात तशीच, नाहीतर माणूस ते बटण शोधत बसतो. सीएंना पाठवायची नोंद इंग्रजीतही देतो. कारखानदारांच्या घरात तेलुगू किंवा कन्नड चालत असलं तरी ऑफिसचं वाचन बहुतेक मराठीतच होतं, त्यामुळे तिसरी भाषा अजून कोणी मागितलेली नाही.

पाठवायच्या कधी?

आकडे बदलणारं व्हर्जन महिन्याच्या पहिल्या अकरा दिवसांत नको. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला असते, तेव्हा सारांशाला हात लावला तर नोट्स कितीही चांगल्या असोत, कोणी वाचत नाही, फक्त फोन करतात. २० तारखेच्या जीएसटीआर-३बी च्या आदले दोन-तीन दिवसही टाळा. संक्रांतीच्या आठवड्यात तर पाठवूच नका. निम्मं गाव सिद्धेश्वराच्या यात्रेत, गड्ड्यावर असतं.

नोट्समध्ये चुकीची नोंद गेली तर?

गुपचूप खोडू नका. त्याच नोंदीखाली तारीख टाकून दुरुस्ती लिहा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जुना मेसेज कोणाच्या तरी फोनमध्ये फॉरवर्ड होऊन बसलेलाच असतो, त्यामुळे तिथेही नवीन मेसेज टाका.

एखादा ग्राहक ५.५ वरून थेट ५.८ वर आला. त्याला कोणत्या नोट्स द्यायच्या?

५.६, ५.७ आणि ५.८ च्या तिन्ही, पण तीन पानं एकापाठोपाठ चिकटवून नाही. ५.६ मध्ये आलेली आणि ५.७ मध्ये बदललेली गोष्ट त्याने कधी पाहिलीच नाही, त्याला फक्त शेवटची स्थिती सांगायची. मात्र आकडे बदलणारी आणि ‘तुम्हाला हे करावं लागेल’ अशी प्रत्येक नोंद राहायलाच हवी, ती मधल्या व्हर्जनची असली तरी. यासाठी अशा नोंदींवर आम्ही `action` असं वेगळं लेबल लावतो. उडी मारणाऱ्यासाठी आधी त्या सगळ्या नोंदी जुन्यापासून नव्याकडे, मग बाकीच्या. लेटरहेडच्या मार्जिनची नोंदही यातच येते, आणि ती वाचून त्याने अपडेटनंतर पहिलं बिल आधी साध्या कागदावर छापून लेटरहेडवर धरून पाहावं, एवढं फोनवरही सांगतो.